बाद झालेली मुलं जातात कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'मैदानावर सर्वांना सामावून घेणारे खेळ' हा लेख वाचला. शीर्षक छान आहे. खाली दिलेल्या खेळांपैकी डॉजबॉल, संगीत खुर्ची आणि 'शेवटचा उरेल तो विजेता' हे तिन्ही खेळ मुलांना एकेक करून बाहेर काढण्याचे आहेत. सामावून कोणाला घेतलं, ते लेखकालाच ठाऊक.

'काही मुलांना उपजतच खेळात रस नसतो' हे वाक्य वाचून तर हातातला पेपर खाली ठेवला. मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवलं आहे. तिसरीत एक मुलगी होती. डॉजबॉल सुरू झाला की ती चेंडू चुकवायची नाही, उलट एक पाऊल त्याच्याकडे टाकायची. पहिल्याच फेकीत बाद, आणि मग तास संपेपर्यंत कडेला बसून चपलेच्या टोकाने मातीत रेघोट्या. आमचे क्रीडाशिक्षक म्हणायचे, "शांत पोरगी आहे, तिचा काही त्रास नाही." त्रास कसा असेल! चेंडू चुकवायचा सराव जिला सगळ्यात जास्त हवा, तिलाच तो सगळ्यात कमी मिळत होता. जो चपळ तो शेवटपर्यंत पळतो आणि आणखी चपळ होतो.

त्याच मुलांना मी माझ्या तासाला विष-अमृत खेळायला लावलं. हा खेळ सर्वांना येतो, मी फक्त दोन-तीन नियम बदलले. चाळीस मुलांना साधारण 20 पावलं लांब-रुंद चौकोन आखायचा. राज्य एकावर नाही, पाच जणांवर, आणि त्यांच्या हातात रुमाल. राज्य एकट्यावर आलं की हळू पळणारं मूल कोणालाच पकडू शकत नाही आणि सगळा वर्ग हसतो. पाच जण असले की कोण कमी पडलं ते कळतही नाही. दीड मिनिटाने शिट्टी वाजली की रुमाल दुसऱ्या पाच जणांकडे. कोणी किती पकडले, हे विचारायचंच नाही.

ज्याला विष मिळालं त्याने जागीच उभं राहून एक हात वर करायचा. ओरडायचं नाही. लाजऱ्या मुलाला "मला सोडवा" असं ओरडायला सांगणं म्हणजे त्याला तिथेच उभं ठेवणं. आणि अमृत द्यायला एकटा चालत नाही, हात धरलेली जोडी लागते. दोघांनी मिळून त्याच्याभोवती एक चक्कर मारली की तो सुटला. या एका नियमाने खेळ पालटला. सर्वांत जोरात पळणाऱ्या पोरालाही जोडीदार शोधावा लागतो आणि जवळ जो असेल त्याचा हात धरावा लागतो. त्या मुलीचा हात असा प्रथम कोणीतरी आपणहून धरला. आधी मी जोडीला पकडायला बंदी घातली नव्हती, त्यामुळे कोणी सोडवायला पुढे येईना. 'धरलेले हात सुटेपर्यंत विष नाही' म्हटल्यावर जोड्या निघाल्या. मग काही हुशार मंडळी खेळभर हातच सोडेनात! तेव्हा एक सुटका झाली की जोडी मोडायची, असं ठरवलं.

यातही खोड्या होतात. राज्य घेतलेला एखाद्या उभ्या मुलाजवळ पहारा देत बसतो. त्याला तीन पावलं लांब राहायला सांगावं. मित्र फक्त मित्रांनाच सोडवतात, हे जास्त वाईट आणि लवकर दिसतही नाही. म्हणून शिक्षकाने पळणाऱ्यांकडे न बघता उभ्या असलेल्यांकडे बघावं. तेच मूल लागोपाठ दोन फेऱ्या हात वर करून उभं दिसलं, तर पुढच्या फेरीत 'आधी सोडवलं नाही अशाच कोणालातरी सोडवा' एवढंच सांगावं. त्या मुलाचं नाव घेऊ नये. शिट्टी वाजताना निम्म्याहून जास्त मुलं उभी असतील तर एक रुमाल काढून घ्यावा. चौकोन मोठा करायचा मोह टाळावा, त्याने फक्त जोरात पळणाऱ्यांचं फावतं.

पळताना दम लागणाऱ्या किंवा पाय दुखणाऱ्या मुलाला हा खेळही पुरत नाही, हे मान्य. त्याच्यासाठी एक फेरी अशी ठेवावी, की सर्वांनी फक्त चालायचं, पळेल त्याला विष. गंमत म्हणजे ही फेरी मुलं पुन्हा मागतात.

संघ पाडायला दोन कॅप्टन उभे करून 'तू ये, तू ये' करण्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. एक-दोन, एक-दोन असे आकडे मोजायला कितीसा वेळ लागतो? पण मैदानाचा तासच गणिताचा राहिलेला भाग उरकायला मागून घेतला जातो, तिथे आकडे तरी कोण मोजणार!

ता. क. मागच्या खेपेला माझं पत्र छापताना जागेअभावी मधला मजकूर गाळला होता. या वेळी गाळायचंच असेल तर वरचा टोमणा गाळा, जोडीचा नियम ठेवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका