‘WS’ म्हणजे मुसळधार नव्हे

संपादक महोदय,
स. न.

कालच्या (मंगळवारच्या) अंकात पान तीनवर हवामान अंदाजाच्या तक्त्याचा फोटो आणि खाली ‘सोप्या मराठीत’ त्याचा खुलासा छापला आहे. नुसता फोटो छापला असता तर परवडलं असतं. तो कोणालाच कळला नसता, एवढंच.

कोकण-गोव्याच्या ओळीत पाच दिवसांसाठी WS, WS, FWS, FWS, SCT अशी अक्षरं आहेत. आपल्या खुलाशात WS म्हणजे मुसळधार, FWS म्हणजे जोरदार आणि SCT म्हणजे मध्यम. वाचणाऱ्याला वाटणार, पाऊस उतरत चाललाय. पण ही अक्षरं पावसाचा जोर सांगतच नाहीत. पाऊस किती जागी पडेल, तेवढंच सांगतात. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी पाऊण भागाहून जास्त ठिकाणी पडणार असेल तर WS, म्हणजे बहुतांश ठिकाणी. ५१ ते ७५ टक्के असेल तर FWS, बऱ्याच ठिकाणी. २६ ते ५० टक्के SCT, काही ठिकाणी. त्याखाली ISOL, तुरळक ठिकाणी. सगळीकडे नुसती रिपरिप असली तरी तक्त्यात WSच येतं.

जोर कळतो तो त्याखालच्या इशाऱ्याच्या ओळीतून. तिथे पहिल्या तीन चौकटींत NIL आहे आणि चौथ्या-पाचव्या चौकटीत पिवळ्या रंगावर ढगाची खूण. त्या खुणेचा अर्थ मूळ कागदाच्या तळाशी दिलेला असतो. फोटो काढणाऱ्याने नेमका तोच तळ कापला आणि पुढचं काम अंदाजपंचे झालं! ती खूण ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ची आहे, म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. त्यापुढे २०४.४ पर्यंत अति मुसळधार, त्याहून जास्त तो अत्यंत मुसळधार. थोडक्यात, आपण ज्या दिवसांना मुसळधार म्हटलंत त्यांना इशाराच नाही, आणि ज्याला मध्यम म्हटलंत त्या पाचव्या दिवसाला आहे.

तक्ता उतरवायची रीत अवघड नाही. फोटो सरळ करून आधी अक्षरं आणि खुणा जशाच्या तशा एका रकान्यात लिहाव्यात, अर्थ लावू नये. पाच दिवस आणि दोन ओळी, म्हणजे नोंदी दहाच भरल्या पाहिजेत. नऊ आल्या तर कुठेतरी चौकट सरकली आहे. अर्थ दुसऱ्या रकान्यात, आणि तोही ‘किती ठिकाणी’ व ‘किती जोर’ असा वेगवेगळा. NIL असेल तर ‘इशारा नाही’, चौकट कोरी असेल तर ‘कोरी’, अक्षर पुसट असेल तर ‘वाचता येत नाही’ असंच लिहावं. रंगाचं नाव शब्दांत हवं, कारण आपल्या काळ्या-पांढऱ्या छपाईत हिरवा आणि पिवळा दोन्ही सारखेच फिकट राखाडी होतात. मात्र रंगावरून मिलिमीटर काढू नयेत. रंग सावधगिरी किती बाळगायची ते सांगतो: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा.

आता वारांचा घोळ. हा तक्ता सोमवारी दुपारचा. त्यातला ‘पहिला दिवस’ दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो, कारण पाऊस मोजतात तोच मुळी साडेआठ ते साडेआठ. आपला अंक आमच्याकडे मंगळवारी सातला येतो. म्हणजे ज्या रकान्यावर आपण ‘आज, मंगळवार’ छापलंत त्याचा दीड तास उरला होता. पाचव्या रकान्यावर आपण ‘शनिवार’ लिहिलंत. तो प्रत्यक्षात शुक्रवारी सकाळी साडेआठला सुरू होऊन शनिवारी साडेआठला संपतो. खुलासा असा हवा होता:

मंगळवार सकाळ ते बुधवार सकाळ: बहुतांश ठिकाणी पाऊस, इशारा नाही.
शुक्रवार सकाळ ते शनिवार सकाळ: काही ठिकाणी पाऊस, त्यात तुरळक ठिकाणी मुसळधार, पिवळा इशारा.

मधले दोन दिवस आपल्या उपसंपादकांनी भरावेत, सराव होईल.

आपल्या खुलाशातल्या सूचीत तक्त्यात आलेली अक्षरं आणि खुणाच द्याव्यात, ही आणखी एक विनंती. काल तिथे धुकं आणि बर्फाची खूणही होती. लावणीच्या दिवसांत देवगडात बर्फ!

आणि विषय निघालाच आहे म्हणून: त्याच पानावर ‘रत्नागिरी’ म्हणून छापलेल्या भरतीच्या वेळा मुंबईच्या आहेत. भरती किनाऱ्याने दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी येते. मागच्या महिन्यात याबद्दल एक पत्र पाठवलं होतं. ते पोचलं असेल तर कळवावं.

आपला,
एक वर्गणीदार, देवगड