‘करमुक्त’ हा शब्द पावतीवरून काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात संस्थांची मदतीची निवेदने छापून येतात. त्यातल्या बऱ्याच निवेदनांच्या तळाशी ‘देणगी 80जी अन्वये करमुक्त’ अशी ओळ असते. 80जी म्हणजे जुन्या आयकर कायद्यातले देणगीवरच्या वजावटीचे कलम. आमच्या वाचनालयाच्या पावतीवरही ती वर्षानुवर्षे होती. मी या छोट्या ट्रस्टचा खजिनदार आहे. या ओळीपायी एका जुन्या सभासदापुढे मान खाली घालावी लागली, म्हणून हे पत्र.

निवृत्त मुख्याध्यापक असलेले आमचे एक सभासद, गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, फेब्रुवारी 2025 मध्ये वाचनालयात आले. 7,500 रुपयांचा चेक दिला, पाकिटातून 2,500 रुपये रोख काढून दिले आणि वर्षाची 1,000 रुपये वर्गणीही भरली. आमच्या कारकुनाने सगळ्याची मिळून एकच पावती फाडली : ‘देणगीदाखल रु. 11,000, अक्षरी अकरा हजार मात्र, रोख/चेकने साभार पोहोचले.’ ‘रोख’ आणि ‘चेक’ यातले काहीच खोडले नव्हते. त्याखाली ती करमुक्तीची ओळ.

जुलैमध्ये गुरुजी पावती आणि आमचे आभारपत्र घेऊन आले. म्हणाले, “खजिनदार, माझा कर अकरा हजारांनी कमी व्हायला हवा होता. विवरणपत्र भरणारा मुलगा म्हणतो, हजारसुद्धा वाचत नाहीत. तुमच्या पावतीवर करमुक्त लिहिलंय ते काय मग?”

तो मुलगा बरोबर होता. आमच्यासारख्या साध्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. तीही देणगीदार जुन्या करप्रणालीत असेल तरच. 2023-24 पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावटच नाही. गुरुजी जुन्या प्रणालीत होते. इतर वजावटी जाऊन त्यांचे उत्पन्न 7,20,000 रुपये होते, म्हणजे वरच्या टप्प्यावर 20 टक्के कर.

आता त्यांच्या अकरा हजारांकडे पाहू. वर्गणीचे हजार रुपये देणगी नाहीत, त्या बदल्यात ते वर्षभर पुस्तके नेतात. रोख 2,500 रुपयांवर वजावट शून्य, कारण 2,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिली की ती सगळीच बाद होते. इथे बहुतेकांचा घोळ होतो. त्यांना वाटते, दोन हजार धरले जातील आणि वरचे पाचशे सुटतील. तसे नाही. उरले चेकचे 7,500. त्याचे निम्मे 3,750, त्यावर 20 टक्के म्हणजे 750 आणि 4 टक्के उपकराचे 30 मिळून 780 रुपये वाचले. आमच्या पावतीने त्यांच्या मनात अकरा हजार पेरले होते.

त्यात भर आमच्या आभारपत्राची. ‘आपल्यासारख्या दानशूर व्यक्तींच्या अमूल्य सहकार्याने आमच्या ज्ञानयज्ञात मोलाची समिधा पडली’ असा मजकूर. किती, कधी, कशाने दिले, अक्षर नाही. गुरुजींनी ते दोनदा वाचून दाखवले आणि म्हणाले, “यातून काही कळलं तर मला सांगा.” (ती समिधा मीच लिहिली होती, हे मी त्यांना सांगितले नाही.)

आमची चूक भाषेची होती, आणि तिच्या मुळाशी होती आळशी छपाई. पावतीपुस्तके 2009 साली छापलेल्या नमुन्यावरूनच दर खेपेला पुन्हा छापली जात. वरच्या बाजूला तीन क्रमांक ओळीने : धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, 12ए आणि 80जी. देणगीदाराला यातले काय कळणार? पहिला क्रमांक सांगतो की ट्रस्ट नोंदलेला आहे. दुसरा ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नावरच्या सवलतीचा. देणगीदाराच्या कामाचा फक्त तिसरा, आणि आमच्या पावतीवर तोच कालबाह्य होता. 1 एप्रिल 2021 पासून जुन्या, ‘कायमस्वरूपी’ समजल्या जाणाऱ्या मंजुऱ्या संपल्या, सगळ्या संस्थांना पुन्हा अर्ज करावा लागला आणि मंजुरी पाच वर्षांची झाली. आम्ही अर्ज केला, नवा क्रमांकही मिळाला, पण तो फाईलमध्ये राहिला. तेव्हा मिळालेल्या मंजुऱ्या कर निर्धारण वर्ष 2026-27 पर्यंतच्या, म्हणजे 31 मार्च 2026 पर्यंतच्या देणग्यांपुरत्या होत्या. म्हणून नव्या पावतीवर आम्ही क्रमांकाशेजारी ‘या तारखेपर्यंत वैध’ असे छापायचे ठरवले. नूतनीकरण विसरलो तर निदान आमचीच पावती आम्हाला टोचेल.

कार्यकारिणीच्या बैठकीत यावर दीड तास गेला. अध्यक्षांचे म्हणणे, आभारपत्रात पैशांचा आकडा घालणे बरे दिसत नाही. चिटणीसांनी तोडगा सुचवला की पुढच्या वेळी कोणी अडीच हजार रोख दिले तर दोन वेगळ्या तारखांच्या पावत्या फाडाव्यात. आमच्या सीएंनी तो तिथेच मोडून काढला. खोटी तारीख ती खोटीच, म्हणाले. माझे मत असे पडले की रोख रक्कम हातात घेण्याआधीच सांगावे, “गुरुजी, हे रोखीने दिलेत तर वजावट मिळणार नाही, चेक किंवा यूपीआय चालेल का?” पावती फाडल्यावर सांगून उपयोग नाही.

शेवटी गुरुजींच्याच देणगीवर नमुना बेतला. आज ती पावती लिहायची तर अशी लिहू :

‘देणगी, चेकने (चेक क्रमांक, बँक) : रु. 7,500
देणगी, रोख : रु. 2,500
वार्षिक वर्गणी : रु. 1,000
एकूण मिळाले : रु. 11,000
यापैकी आयकर वजावटीसाठी धरता येणारी देणगी : रु. 7,500 (अक्षरी सात हजार पाचशे)

वरच्या रकमेच्या निम्मी रक्कम, कायद्यातल्या मर्यादेत राहून, तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होऊ शकते. त्यासाठी तुम्ही जुनी करप्रणाली निवडलेली असावी लागते. वजावट मागण्यासाठी ही पावती पुरेशी नाही. त्यासाठीचे प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत पाठवू.’

‘अक्षरी’ हा शब्द मुद्दाम पात्र रकमेपुढे ठेवला आहे. पूर्वी तो एकूण रकमेपुढे असायचा आणि डोळा तिथेच थांबायचा. ‘कायद्यातल्या मर्यादेत’ एवढ्यावर काहींनी हरकत घेतली. ती मर्यादा म्हणजे इतर वजावटी जाऊन उरलेल्या उत्पन्नाच्या 10 टक्के. गुरुजींच्या बाबतीत ती 72,000 येते, म्हणजे तिचा प्रश्नच नाही. आमच्याकडे येणाऱ्या देणग्यांत असा प्रसंग क्वचितच येतो, म्हणून ते गणित पावतीवर न घालता खिडकीजवळ चिकटवलेल्या कागदावर ठेवले.

31 मेचे वाक्य मात्र अजिबात गाळू नये. देणगीदारांची यादी आम्ही आयकर पोर्टलवर भरतो, त्यातूनच प्रत्येकाचे प्रमाणपत्र निघते. उशीर झाला तर संस्थेला दिवसाला 200 रुपये शुल्क पडते. पण खरा फटका देणगीदाराला. यादीत त्याचे नाव किंवा पॅन चुकले तर त्याची वजावट अडकते. गुरुजींचा गोंधळ इथेच वाढला होता. आमच्या यादीत चेक आणि रोख वेगळे होते, वर्गणी नव्हतीच, त्यामुळे प्रमाणपत्रांत अकरा हजार हा आकडा कुठेच नव्हता. पावती एक सांगते, प्रमाणपत्र दुसरेच.

पॅनबद्दल एक. आम्ही तो देणगी घेतानाच वहीत लिहून घेतो, पण पावतीवर शेवटची चारच अक्षरे छापतो. पावत्यांचे फोटो आजकाल व्हॉट्सॲपवर फिरतात. आणि पैसे कोणाच्या खात्यातून आले ते नक्की पाहतो. मुलाच्या यूपीआयवरून पैसे यायचे आणि पावती वडिलांच्या नावे हवी असायची, असे आमच्याकडे वर्षाला चार-पाच जण असतात. आता पावती ज्याचे खाते त्याच्याच नावे निघते. वडिलांचे नाव आभारपत्रात ‘यांच्या इच्छेनुसार’ असे येते.

आभारपत्राचा नवा मसुदा आमच्या ग्रंथपाल बाईंनी केला :

‘सप्रेम नमस्कार. 14 फेब्रुवारी रोजी तुम्ही वाचनालयाला 10,000 रुपयांची देणगी दिलीत, 7,500 चेकने आणि 2,500 रोख. त्यातून बालविभागासाठी दोन कपाटे घेतली. मुलांनी पुस्तके लावायला सुरुवात केली आहे, एकदा पाहायला या. आयकरासाठी यातली 7,500 रुपयांचीच देणगी धरली जाईल. त्याचे प्रमाणपत्र मेअखेर पाठवू. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मिळाले नाही तर वाचनालयात फोन करा.’

अध्यक्षांनी वाचले, काही वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “कपाटांचं बरं लिहिलंय.” आकड्यांची हरकत मग त्यांनी घेतली नाही. समिधा गेली.

एक गोष्ट अजून करायची आहे. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. ज्या संस्था आता पावतीपुस्तके छापायला टाकतील त्यांनी मजकूर आधी सीएंना दाखवावा आणि वाक्य क्रमांकावर टेकवू नये. ‘आयकर वजावटीसाठी धरता येणारी देणगी’ हे शब्द कलम बदलले तरी खोटे ठरत नाहीत, ‘80जी’ ठरते.

आपल्याकडे एक विनंती. संस्थांची निवेदने छापताना ‘देणगी करमुक्त’ ही ओळ आली तर ती ‘देणगी आयकर वजावटीस पात्र, 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास नाही’ अशी करून मागावी. जागा एका ओळीचीच लागते.

आमची जुनी पावतीपुस्तके साडेतीन उरली आहेत. करमुक्तीच्या ओळीवर काट मारून ती आम्ही उशिरा परत केलेल्या पुस्तकांच्या दंडासाठी वापरतो. गेल्या आठवड्यात गुरुजींनाच चार रुपयांची पावती दिली. त्यांनी ती उलटून पाहिली आणि विचारले, “यातले पात्र किती?”

आपला,
एका वाचनालयाचा खजिनदार,
जि. सातारा