सम-विषम मोजता आले म्हणजे मायोराना सापडला, असे नव्हे

प्रति,
मा. संपादक,

विषय : 'कधीच न चुकणारी क्वांटम चिप' या रविवार पुरवणीतील लेखाबाबत

महोदय,

मायक्रोसॉफ्टच्या 'मायोराना 1' या चिपवरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला हा लेख माझ्या भाच्याने मला वाचायला दिला. तो ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. 'मावशी, आता क्वांटम कॉम्प्युटरला चुका दुरुस्त करायची गरजच उरणार नाही, चिपमध्येच संरक्षण आहे,' असे तो म्हणाला. ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षे भौतिकशास्त्राचे प्रॅक्टिकल घेतले आहे. त्यामुळे एखादे यंत्र चुकतच नाही असे कोणी म्हटले, की मी आधी त्याची मूळ रीडिंग्ज मागते. या प्रकरणातही कथा रीडिंग्जचीच आहे आणि लेखात नेमकी तीच नाही.

आधी कल्पना काय आहे ते सांगते, कारण ती खरोखर सुंदर आहे. सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. एकटा पडलेला इलेक्ट्रॉन आत शिरायचा तर त्याला ठराविक ऊर्जा मोजावी लागते. या किमतीला गॅप म्हणतात. इंडियम आर्सेनाइडसारख्या अर्धसंवाहकाच्या अतिबारीक तारेवर ॲल्युमिनियमचा थर द्यायचा, ती निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड करायची आणि योग्य चुंबकीय क्षेत्रात ठेवायची. मग सिद्धांत सांगतो, की तारेच्या दोन टोकांना मिळून एक अशी अवस्था तयार होते, जिथे एकटा इलेक्ट्रॉन फुकटात सामावतो. हीच मायोराना अवस्था; ऊर्जा शून्य, म्हणून तिला झीरो मोडही म्हणतात. इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या सम असो वा विषम, ऊर्जा सारखीच. हे सम-विषमच क्युबिटचे, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरच्या मूळ घटकाचे, 0 आणि 1. (नौपाड्यात गाडी लावणाऱ्यांना सम-विषम समजावून सांगायला नको.) एका तारेत सम आणि विषम यांचे मिश्रण करता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात दोन तारा आणि चार टोके लागतात.

यातले संरक्षण कशामुळे येते? पूर्वी निरोप्याची ओळख पटवायला नोट फाडून अर्धी इथे आणि अर्धी तिकडे ठेवत. समजा, एक तुकडा ठाण्यात आहे आणि एक वाशीला. नोटेचा पूर्ण नंबर कुठल्याच एका तुकड्यावर वाचता येत नाही. मायोराना अवस्थेचे तसेच आहे. सम की विषम ही माहिती कुठल्याच एका टोकाजवळ नसते, त्यामुळे एका टोकाला झालेल्या विद्युत गोंधळाला ती पुसता येत नाही. तार जितकी लांब, तितकी ही अलगता घातांकी वेगाने वाढते. आपल्या लेखकाने इथवर बरोबर लिहिले आहे. पुढे मात्र 'असे असायला हवे' याचे त्यांनी थेट 'असे आहे' करून टाकले.

ही अवस्था तारेत आहे हे ओळखायचे कसे? पहिली खूण वाहकतेची. टोकाला अगदी थोडे व्होल्टेज देऊन प्रवाह मोजायचा. गॅपच्या आत प्रवाह जवळजवळ नसतो, पण झीरो मोड असेल तर बरोबर शून्य व्होल्टेजला एक शिखर उभे राहते. 2012 मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या गटाने इंडियम अँटिमोनाइडच्या तारेत असे शिखर दाखवले आणि जगभर गाजावाजा झाला. मात्र शिखर फारच बुटके होते. सिद्धांतानुसार त्याची उंची नेमकी 2e²/h हवी, म्हणजे रोध सुमारे 12.9 किलोओहम. हा आकडा तारेच्या लांबी-जाडीवर अवलंबून नाही, तो इलेक्ट्रॉनचा प्रभार e आणि प्लँकचा स्थिरांक h या निसर्गाच्या स्थिरांकांतून येतो. म्हणूनच तो गाठणे ही मोठी गोष्ट ठरली असती.

2018 मध्ये डेल्फ्टच्याच गटाने नेचर या नियतकालिकात तेही छापले. शिखर 2e²/h पर्यंत चढते आणि तिथे सपाट पठार होते, असा आलेख होता. पुढे सर्गेई फ्रोलोव्ह आणि व्हिन्सेंट मौरिक यांनी मूळ डेटा मागवला. हे दोघे 2012 च्या शोधनिबंधाचे सहलेखक, म्हणजे घरचेच. पूर्ण डेटा पाहिल्यावर दिसले, की काही भाग आलेखात घेतलेलाच नव्हता आणि तो घेतला तर पठाराचा दावा टिकत नाही. मार्च 2021 मध्ये निबंध मागे घेतला गेला. तज्ज्ञ समितीने लेखक उत्साहाच्या भरात वाहवत गेल्याचे म्हटले. हे वाचून मला आमची लॅब आठवली. डायोडचा आलेख गुळगुळीत यावा म्हणून मुले दोन-तीन बिंदू हळूच खोडत आणि विचारले की 'मॅडम, ते रीडिंग चुकले होते' असे सांगत. वही तपासताना मी बिंदूंपेक्षा खोडरबराच्या खुणा जास्त बघत असे.

पण खोडाखोड हा इथला लहान प्रश्न. समजा, पठार अगदी प्रामाणिकपणे मिळाले, तरी शंका उरतेच, कारण या खेळात एक तोतया आहे. तारेत अशुद्धी असेल किंवा टोकाजवळ विद्युत विभव हळूहळू बदलत असेल, तर अँड्रीव्ह बद्ध अवस्था नावाची साधी अवस्था तयार होते. तीही शून्य ऊर्जेच्या जवळ येऊन बसते, तीही शिखर देते आणि जुळवाजुळव केली तर 2e²/h च्या आसपासही जाते. फरक एवढाच, की तिथे नोटेचे दोन्ही तुकडे एकाच खिशात असतात. खिसा कापला की दोन्ही गेले. बाहेरून मायोरानासारखे दिसणारे, पण संरक्षण शून्य.

म्हणून एका टोकाकडे बघून भागत नाही. दोन्ही टोकांना एकाच वेळी शून्य-शिखर हवे, आणि चुंबकीय क्षेत्र वाढवताना तारेच्या मधल्या भागातला गॅप आधी मिटून पुन्हा उघडायला हवा. मायक्रोसॉफ्टने याची एक चाचणी-पद्धत ठरवली आणि आपली उपकरणे ती पार करतात, असे 2023 मध्ये फिजिकल रिव्ह्यू बी या नियतकालिकात मांडले. पुन्हा उघडलेला गॅप त्यांनी 20 ते 60 मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट सांगितला.

इथे थोडा हिशेब करू. 50 मिलिकेल्विनला उष्णतेची ऊर्जा, म्हणजे kT, सुमारे 4.3 मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. गॅप 60 असेल तर उष्णतेने तो ओलांडण्याची शक्यता 2.718 चा उणे 14 वा घात, म्हणजे साधारण दहा लाखांत एक. गॅप 20 असेल तर तीच शक्यता शंभरात एक. सांगताना 'वीस ते साठ' एका दमात म्हणून होते, पण संरक्षणात दहा हजार पटींचा फरक पडतो. हा अगदी ढोबळ हिशेब आहे, पण 'अंगभूत संरक्षण' हे होय-नाहीचे काम नसून तारेच्या स्वच्छतेवर टांगलेले आहे, हे त्यातून दिसते. शिवाय या चाचणीवरही आक्षेप आहेत. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे हेन्री लेग यांनी 2025 मध्ये दाखवले, की मोजमापाची कक्षा कुठे कापावी यावर चाचणीचा निकाल बदलू शकतो. कंपनीला हे मान्य नाही.

आता आपल्या लेखातल्या चिपकडे येते. 19 फेब्रुवारी 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने 'मायोराना 1' जाहीर केली. तिच्यावर आठ क्युबिट आहेत. दहा लाख क्युबिट हा पुढचा आराखडा आहे, लेखात तो वर्तमानकाळात आला आहे. त्याच दिवशी नेचरमध्ये आलेल्या निबंधात तारेजवळच्या क्वांटम डॉटची, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवणाऱ्या सूक्ष्म ठिपक्याची, धारकता रेडिओ लहरींनी मोजून, सम की विषम हे एकाच वाचनात सुमारे 1 टक्का चुकीने ओळखता येते, असे दाखवले होते. मोजमाप म्हणून हे उत्तम काम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण सम-विषम तर तोतयालाही असते! नेचरच्या संपादकांनीच परीक्षकांच्या अहवालासोबत स्पष्ट टीप दिली, की हे निष्कर्ष या उपकरणांत मायोराना झीरो मोड असल्याचा पुरावा ठरत नाहीत. लेखात या टिपेला एक ओळही मिळालेली नाही. माझी खरी तक्रार ही आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीच्या गटाने दोन तारांच्या उपकरणाची मोजमापे मांडली, आणि मला ती घोषणेपेक्षा अधिक बोलकी वाटतात. क्युबिट म्हणायचे तर दोन वेगवेगळ्या प्रकारे मोजता आले पाहिजे. मोजमापाच्या एका वळशात एकाच तारेची दोन टोके वाचायची, दुसऱ्यात दोन तारांची एकेक टोके. या दोन वाचनांना झेड आणि एक्स म्हणतात. झेडमध्ये सम-विषम सरासरी 12.4 मिलिसेकंद टिकले, एक्समध्ये फक्त 14.5 मायक्रोसेकंद. म्हणजे साडेआठशे पटींहून अधिक फरक. झेड बिघडतो तो बाहेरून एखादा भटका इलेक्ट्रॉन येऊन बसल्याने. त्यापासून ही रचना वाचवत नाहीच, त्यामुळे तिथे दोष काढण्यासारखे काही नाही. एक्समधल्या घसरणीचे कारण मात्र खुद्द गटाच्या म्हणण्याप्रमाणे उपकरणाच्या आतच घडणारी सम-विषमची उलटापालट आहे, आणि अंगभूत संरक्षणाचे आश्वासन नेमके याच जागी होते. आज नेहमीच्या सुपरकंडक्टिंग क्युबिटना शंभर मायक्रोसेकंद सहज मिळतात, हेही वाचकांना सांगायला हवे होते.

यावरून ही दिशाच फोल आहे, असे मी म्हणत नाही. तार अस्वच्छ आहे हेही उत्तर असू शकते, आणि स्वच्छ तार करणे हे कारागिरीचे काम आहे, ते सुधारते. डेल्फ्टमध्येच 2023 साली दुसरी वाट दाखवली गेली. त्यांनी फक्त दोन क्वांटम डॉट सुपरकंडक्टरने जोडून मुद्दाम जुळवलेली जोडी बनवली. तिला विनोदाने 'गरिबाचा मायोराना' म्हणतात, कारण जरा जुळणी हलली की संरक्षण गेले. पण तिथे ते कबूल केलेले आहे.

आपल्या लेखकांना पुढचा भाग लिहायचाच असेल, तर माझी विनंती आहे की त्यांनी कंपनीला एकच प्रश्न विचारावा. तार दुप्पट लांब केली, बाकी सगळे तसेच ठेवले, तर 14.5 मायक्रोसेकंदांचे किती होतात? ही आतली उलटापालट दोन टोके एकमेकांपासून पुरेशी दूर नसल्याने होत असेल, तर हा आकडा घातांकी उडी घेईल. तारेतल्या अशुद्धीमुळे होत असेल, तर लांब तारेत अशुद्धीही जास्त, म्हणजे आकडा जिथल्या तिथे राहील, कदाचित घटेलही. उत्तर आले, की आलेखातले सगळे बिंदू छापावेत, न बसणारेसुद्धा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)