सूनबाईला मेसेज लिहायला मदत कर

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझे सासरे गेले आणि भावंडांची ग्रुपवर जुंपली, हे वाचून वाईट वाटलं. थोरल्याला सगळे विधी हवेत, धाकट्याला काहीच नको, आणि सूनबाई मधल्या मधे. तू जावई आहेस, मत देऊ नकोस. तिला मेसेज लिहायला मात्र मदत कर.

माझी आई गेली तेव्हा आमच्या धाकट्याने लिहिलं होतं, "करा काय करायचं ते." आम्ही तो होकार धरला आणि वर्षभर त्याच्या अबोल्याने फेडला. म्हणून निळ्या खुणा, अंगठा, गप्प बसणं यांना होकार धरू नका. देहाचं एकदा झालं की परत फिरवता येत नाही. उत्तर आलं नाही तर फोन करायचा.

आधी प्रत्येकाने वडील स्वतः काय म्हणाले होते तेवढंच लिहावं, कधी आणि कोणासमोर तेही. "त्यांना आवडलं असतं" हे त्यात धरायचं नाही, ते आपलं मत असतं. कुठे लिहून ठेवलंय का तेही शोधा. मग उद्यापर्यंत ठरायलाच हवं तेवढंच काढा: अंत्यसंस्कार कोणत्या पद्धतीने, कधी, कोणासाठी थांबायचं. लोकांना बोलावणं, स्मारक हे महिन्याने ठरलं तरी काही बिघडत नाही. आमचं अर्धं भांडण त्यावरच झालं होतं.

खर्चाचा मेसेज वेगळा असू दे. एकत्र लिहिलं की विधी नको म्हणणारा कंजूष ठरतो आणि हवे म्हणणारा उधळ्या. मी असा लिहीन:

"दादा, भाऊ, टाळता न येणारा खर्च तिघांत सारखा. त्यावर ज्याला जे हवं ते त्याने स्वतः करावं, बाकीचे अडवणार नाहीत, येतील. आकडा आधी इथे टाकू, दोघांचं 'हो' आल्यावरच पैसे देऊ. संध्याकाळी सहापर्यंत सांगा, नाहीतर मी फोन करते."

समज, एकूण खर्च शंभर. त्यात साठ टाळता न येणारा, म्हणजे प्रत्येकी वीस. उरलेले चाळीस थोरल्याच्या विधींचे. त्याच्यावर साठ येतात, धाकट्यावर वीसच. थोरल्याला हे आधी कळलं तर तो स्वतःच यादी आखडती घेईल. आमच्या दादाने घेतली होती.

पैसे एकानेच भरावेत आणि पावतीचा फोटो लगेच ग्रुपवर टाकावा. वडिलांच्या खात्यातून घाईने काढू नका. बऱ्याच ठिकाणी कायद्याने अंत्यविधीचा वाजवी खर्च मालमत्तेतून आधी वळता होतो, पण पैसे हातात यायला वेळ लागतो आणि पावती लागतेच. थोरल्याची हौस त्यात बसेलच असं नाही, हेही आत्ताच लिहून टाका.

रात्री उशिरा कोणी काही लिहिलं तर तिचा फोन तुझ्याकडे ठेव. उत्तर सकाळी.

तुझी
आई