सलाइनचे थेंब दाखवा

महोदय,

१२ मेच्या परिचारिका दिनासाठी चित्रफीत करणाऱ्यांनी पार्श्वसंगीत जरा आवरावे आणि सलाइनचे थेंब दाखवावेत. रात्री दोनला सिस्टर घड्याळ धरून मिनिटभर थेंब मोजते. ५०० मिली आठ तासांत द्यायचे, सेट २० थेंबांना एक मिलीचा, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. भरतात १२. वेग वाढवायला नळीवरचे चाक फिरवण्याआधी ती पेशंट आजींचा हात पाहते. सूज, गारवा असेल तर सुई शिरेबाहेर गेलेली असू शकते. इथे आजींनी नुसते कोपर दुमडलेले आहे. हात सरळ करून ती पुन्हा मोजते.

"घरी कोंबड्यांना दाणे कोण घालणार गं?"

सिस्टर स्टूल ओढते. "किती आहेत, आजी?"

संवाद एवढेच पुरेत.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा