टाळकऱ्यांची घाई

प्रिय मित्रा,

आषाढीच्या भजनात तुमची दहा-बारा माणसं दरवेळी पळत सुटतात म्हणतोस. खापर पखवाजवाल्यावर फोडू नकोस. घाई बहुधा शब्दांत आणि टाळात असते.

'सुंदर ते ध्यान' घे. त्याचं ध्रुपद मोजून बघ: 'सुंदर ते ध्यान' सहा अक्षरं, 'उभे विटेवरी' सहा, 'कर कटावरी' सहा आणि 'ठेवोनिया' फक्त चार. साध्या चालीत प्रत्येक तुकड्याला भजनी ठेक्याचं आठ मात्रांचं एक आवर्तन मिळतं. म्हणजे चार अक्षरांनाही आठ मात्राच! 'ठेवोनिया' झटकन म्हणून मोकळे झालात की आवर्तनाचा शेपटाचा भाग रिकामा उरतो आणि मागचे तिथेच उडी मारतात. त्यांना सांग, 'या' लांबवा, समेवर येईपर्यंत सोडू नका.

चरणात उलटी अडचण येते. 'तुळसीहार गळा' यात सात अक्षरं आहेत. 'तुळ' एकाच मात्रेत बसवलंस की पुढची चाल ध्रुपदासारखीच जाते.

आता झेल. पुढच्याने ध्रुपद एकदा एकट्याने म्हणावं, मग सर्वांनी दोनदा. चरण पुढच्याने म्हटला की मागच्यांनी तोच उचलायचा आणि मग सर्वांनी मिळून ध्रुपदावर यायचं. 'तुका म्हणे'पर्यंत हाच क्रम ठेव. पुढच्याने मागच्यांचं शेवटचं अक्षर संपू द्यावं. त्यावर पाय देऊन गाणारा म्होरक्या सगळ्या मेळाची लय तोडतो. पट्टी मात्र म्होरक्याच्या गळ्यावर ठरवू नकोस. तार षड्जाला मागच्या ओळीतले ओरडायला लागले, तर एक-दोन स्वर खाली घे.

टाळ वाजवताना डावा स्थिर, उजवा वरून. कड कडेवर किंचित सरकवून लागली तर खणखणीत नाद येतो. दोन्ही तोंडं बरोबर समोरासमोर आपटली तर मध्ये हवा कोंडते आणि नुसता 'थप्प' आवाज होतो. दोरी बोटाला गुंडाळ; टाळ मुठीत धरला तर नाद मरतो.

पहिलं ध्रुपद टाळाविना होऊ दे. मग एक, तीन, पाच, सात या मात्रांवर हलके आघात. लय चढली की प्रत्येक मात्रेवर. पण ही चढण एका ठरलेल्या टाळकऱ्याच्या हातावर असू दे, बाकीचे त्याच्याकडे बघून वाजवतील. दहा जण आपापल्या कानाने वाजवायला लागले की जो तो किंचित पुढे जातो, कारण शेजाऱ्याच्या नादाला गाठायची हाव सुटत नाही. लय पळाली हे ओळखायची खूण सोपी आहे: मागच्यांचे शब्द गिळले जातात, 'विटेवरी'चं 'इटवरी' ऐकू येतं. तसं झालं की टाळ पूर्ण थांबव, एक ध्रुपद नुसत्या आवाजात घे आणि पुन्हा चढव.

शेवटचं ध्रुपद जलद लयीत असतं. पखवाजाची तिहाई समेवर येईल तिथेच टाळ दाबून बंद करायचे, एखादाही मागे वाजत राहता कामा नये. दोन बैठकांत नुसता हा शेवटच घोटून घ्या.

तुझा,
मित्र