देणे रुपयांत, येणे पैशांत: दिवाळखोरीतल्या वजावटीबद्दल खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्री,
भारत सरकार

सविनय नमस्कार.

एकमेकींकडून माल घेणाऱ्या आणि एकमेकींनाच माल विकणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक बुडू लागली, की दुसरीचे काय होते, याबद्दल हे पत्र आहे. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. पुरवठादार कंपन्यांचे दावे तयार करून रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत बुडत्या कंपनीचा कारभार पाहणाऱ्या व्यावसायिकाकडे, दाखल करणे हा माझ्या कामाचा भाग आहे. नादारी आणि दिवाळखोरी संहितेने २०१६ पासून बरेच काही मार्गी लावले, हे मान्य. पण चालू खात्यांच्या बाबतीत तिच्यात एक विसंगती राहून गेली आहे आणि ती दूर करणे आपल्या हातात आहे.

एक उदाहरण घेतो. कंपनी ब प्लास्टिकचे दाणे बनवते. कंपनी अ ते दाणे विकत घेऊन ड्रम बनवते आणि त्यांतले बरेचसे ड्रम बलाच विकते. दोघींची खाती वर्षानुवर्षे चालू आहेत. दर महिनाअखेरीस दोन्हीकडचे अकाउंटंट पत्रक जुळवतात, एकीचे देणे दुसरीच्या देण्यातून वळते होते आणि जी बाकी उरेल तेवढीच बँकेतून जाते. लेखी करार नाही, पण रिवाज पक्का आहे. मग बची ओढाताण सुरू होते. तिचे अकाउंटंट बाकीच्या पत्रकावर सही करायला टाळाटाळ करतात, दोन महिन्यांची वळती नोंद राहून जाते आणि तिसऱ्या महिन्याच्या १७ तारखेला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण बविरुद्धचा अर्ज दाखल करून घेते. त्या दिवशी अ बला ९२ लाख रुपये देणे लागते आणि ब अला १ कोटी १० लाख. व्यापाऱ्याच्या हिशेबाने अचे १८ लाख येणे आहे, बाकी काही नाही.

संहितेच्या हिशेबाने चित्र निराळे आहे. अने आपले ९२ लाख पूर्ण भरायचे, कारण ती बची मालमत्ता आहे आणि ती गोळा करणे रिझोल्यूशन प्रोफेशनलचे कर्तव्यच आहे. स्वतःच्या १ कोटी १० लाखांसाठी मात्र दाव्याचा फॉर्म बी भरून ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे माल-सेवेचे पैसे येणे असलेली धनको, म्हणून रांगेत उभे राहायचे. समजा, कंपनी वाचवण्याच्या मंजूर योजनेत या वर्गाला रुपयामागे ८ पैसे मिळाले, तर अच्या हाती ८ लाख ८० हजार येतात. म्हणजे तिच्या खिशातून निव्वळ ८३ लाख २० हजार गेले. हिशेब वळता झाला असता तर ती १८ लाखांचा दावा लावून १ लाख ४४ हजार घेऊन गेली असती. फरक ८४ लाख ६४ हजारांचा. तिचे बुडीत येणे अठरा लाख आहे असे तिचा संचालक समजत होता.

आता हीच ब लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मोडून मालमत्ता विकण्याच्या प्रक्रियेत, गेली असे समजा. लिक्विडेशन प्रक्रियेच्या नियमावलीतला नियम २९ सांगतो, की परस्पर व्यवहार असतील तर एका बाजूची रक्कम दुसरीतून वजा करून निव्वळ बाकी काढायची. नियमाखालच्या उदाहरणात एकाचे १०० रुपये देणे, दुसऱ्याचे ७०, म्हणून ३० द्यायचे, असे सरळ लिहिले आहे. संहितेचे कलम ३६(४) अशी वजावटीस पात्र मालमत्ता लिक्विडेशनच्या संपत्तीबाहेर ठेवायला वाव देते. तेव्हा तेच खाते, त्याच दोन कंपन्या, तीच तारीख. पण ब वाचवायची असेल तर अने ९२ लाख भरायचे आणि ब मोडायची असेल तर १८ लाखांचा दावा लावायचा.

ही विसंगती न्यायालयाच्या नजरेतून सुटली असे नाही. भारती एअरटेल विरुद्ध विजयकुमार अय्यर या खटल्यात, एअरसेलच्या दिवाळखोरीतून उद्भवलेल्या वादावर, ३ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न सविस्तर तपासला. नियम २९ लिक्विडेशनपुरता आहे, तो रिझोल्यूशन, म्हणजे कंपनी वाचवण्याच्या, प्रक्रियेत आणता येणार नाही, असा निर्णय दिला आणि दोन अपवाद ठेवले. पहिला, प्रक्रिया सुरू होण्याच्या तारखेआधीच कराराने अमलात आलेली वजावट. दुसरा, दोन्ही दावे एकाच व्यवहारातून इतके गुंतलेले, खरे आणि वस्तुस्थितीने व कायद्याने स्पष्ट सिद्ध असलेले, की त्यांना वेगळे काढणेच अन्यायाचे ठरेल. संहिता जशी लिहिली आहे तशी वाचली, तर मला हा निकाल चुकीचा वाटत नाही. दुरुस्ती संसदेने करायची आहे, म्हणून पत्र आपल्याला लिहीत आहे.

या अपवादांनी चालू खात्यांना किती आधार मिळतो, ते अच्या उदाहरणावरच पाहू. दुसरा अपवाद तिला जवळपास निरुपयोगी आहे. दाण्यांची खरेदी हा एक करार आणि ड्रमची विक्री हा दुसरा; दोन्हीकडे पक्ष तेच असले म्हणून व्यवहार एक होत नाही. पहिल्या अपवादासाठी लेखी कलम हवे होते. ते असते, तर पूर्ण झालेल्या दोन महिन्यांची वजावट कदाचित तारखेआधी अमलात आली असे म्हणता आले असते. चालू महिन्याच्या १७ दिवसांचे काय? कलमात ‘महिनाअखेरीस’ असेल, तर महिनाअखेर उजाडण्याआधीच कलम १४ ची स्थगिती, म्हणजे कंपनीकडून वसुली करण्यावरची बंदी, आली. करार लिहिणाऱ्याने ‘प्रत्येक बिलाच्या नोंदीसरशी बाकी आपोआप एक होईल’ असे लिहिले असते, तर निदान युक्तिवाद उभा राहिला असता.

इथे नेटिंग आणि वजावट यांतला भेद कामाला येतो. प्रत्येक नोंदीसरशी जुनी बाकी संपून नवी एकच बाकी उरते अशी रचना असेल, तर दोन कर्जे अशी नसतातच. एकच असते आणि वजा करायला काही शिल्लक राहत नाही. वजावटीत मात्र दोन्ही कर्जे जिवंत असतात आणि कोणीतरी हक्क बजावेपर्यंत वेगळीच राहतात. आपल्याकडच्या बहुतेक खात्यांत काय दिसते? एकाच पार्टीची दोन खाती, एक येणेकऱ्यांत, एक देणेकऱ्यांत; प्रत्येक बिलाला स्वतंत्र मुदत; आणि मधूनमधून एक जर्नल व्हाउचर. ही वजावट आहे, नेटिंग नव्हे, आणि दिवाळखोरीत ती उघडी पडते. वित्तीय बाजारातल्या ठरावीक करारांसाठी संसदेने २०२० मध्ये द्विपक्षीय नेटिंगचा कायदा केला आणि बँकांना ही खात्री दिली. दाणे आणि ड्रम त्या कायद्यात बसत नाहीत.

गंमत म्हणजे फॉर्म बीमध्येच एक रकाना आहे, ज्यात दाव्यातून वजा होऊ शकतील अशा परस्पर देण्या-घेण्यांचा तपशील मागितला आहे. पुरवठादार तो विश्वासाने भरतात. त्यातून वजावटीचा हक्क मिळत नाही, पण ‘९२ लाख देणे आहे’ अशी सहीनिशी कबुली मात्र रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या हाती पडते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मला ठाऊक आहे आणि ते हलके नाही. कंपनी चालू ठेवायची तर पगार, वीज, कच्चा माल यांना रोकड लागते. प्रत्येक देणेकऱ्याने आपापली वजावट करून घेतली, तर रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या हाती काही उरणार नाही. शिवाय ज्याने बला फक्त माल विकला, तिच्याकडून काही घेतले नाही, त्याला हे संरक्षण मिळणार नाही. अला ९२ लाखांपुरती पूर्ण भरपाई आणि त्याला रुपयामागे ८ पैसे, ही त्याची तक्रार रास्त आहे. पण लिक्विडेशनमध्ये हाच असमतोल आपण स्वीकारलेला आहे. आणि रोकडीचा मुद्दा पहिल्या काही महिन्यांनाच लागू होतो. अने भरलेल्या ९२ लाखांतला न वापरलेला भाग शेवटी योजनेतून मुख्यतः सुरक्षित वित्तीय धनकोंकडे जातो. त्यांनी कर्ज देताना बचे चालू खाते पाहिलेले असते. अच्या येण्याइतकेच तिचे देणेही त्यांना माहीत असते.

आजच्या नियमाचा एक परिणाम सरकारला दिसत नसेल, तो आम्हाला रोज दिसतो. पत्रकावरची सही लांबली, की जाणता पुरवठादार पैसे देणे थांबवतो, माल अडवतो आणि घाईघाईने वळती नोंद करून घेतो. डगमगणारी कंपनी त्यामुळे आणखी लवकर कोसळते. ही घाईची नोंद मग कलम ४३ खाली एका धनकोला इतरांपेक्षा प्राधान्य दिल्याचा व्यवहार म्हणून तपासली जाते; मागे पाहण्याचा काळ संबंधित पक्षासाठी दोन वर्षे, इतरांसाठी एक. माझ्या मते तिथेही आक्षेप टिकू नये, कारण त्या कलमातली तुलना लिक्विडेशनमधल्या वाटपाशी आहे आणि लिक्विडेशनमध्ये हीच वजावट मिळाली असती. पण हा युक्तिवाद ऐकला जाईपर्यंत वर्षे जातात आणि तोवर रक्कम वादात राहते.

म्हणून विनंती अशी, की दुरुस्ती भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळाच्या नियमावलीत न करता संहितेतच करावी. नियम २९ ला कलम ३६ चा आधार आहे. रिझोल्यूशनच्या प्रकरणात तसा आधारच नाही, त्यामुळे नुसत्या नियमाने केलेली वजावट पहिल्याच अपिलात अडचणीत येईल. कलम १४ ला जोडून, दोन कंपन्यांमधल्या नियमित परस्पर पुरवठ्यातून प्रक्रियेआधी निर्माण झालेल्या देण्या-घेण्यांची निव्वळ बाकी काढण्यास मुभा द्यावी. तिच्या मर्यादाही तिथेच लिहाव्यात. पक्ष तेच आणि त्याच नात्याने हवेत. अच्या उपकंपनीचे येणे अच्या देण्यातून वळते होऊ नये. दुसऱ्याकडून स्वस्तात विकत घेतलेला बविरुद्धचा दावा चालू नये, नाहीतर बचे देणेकरी बाजारात रुपयाचे दावे दहा पैशांना घेत फिरतील. संबंधित पक्ष वगळावेत. आणि प्रक्रिया सुरू झाल्यानंतर ब जो माल देईल, त्याचे पैसे अने रोख आणि पूर्ण द्यावेत, जुन्या येण्यात ते वळते करू नयेत. रिझोल्यूशन प्रोफेशनलची रोकडीची खरी गरज तिथे भागते.

रिवाजाचा पुरावा काय मानावा, हेही ठरवायला हवे. आधीच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष झालेल्या वळत्या नोंदी, दोन्ही बाजूंच्या सहीची पत्रके आणि बँकेतून गेलेल्या निव्वळ रकमा, ही तिन्ही एकमेकांशी जुळली तर लेखी करार नसला तरी चालावे. एकट्या अच्या संगणकात, अर्ज दाखल होण्याच्या आदल्या आठवड्यात केलेले व्हाउचर चालू नये. तोवर, निदान फॉर्म बीमधल्या त्या रकान्याखाली एक ओळ छापावी, की हा तपशील दिल्याने वजावट होईलच असे नाही. त्याला संसदेची गरज नाही. मंडळाला ते येत्या महिन्यात करता येईल.

आपला नम्र,
एक चार्टर्ड अकाउंटंट